टकटकसाहेबांची नोटीस

आख्खं खातं त्यांना टकटकसाहेब म्हणायचं, अर्थात पाठीमागे. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. पुलांच्या खात्यात आयुष्य गेलं, हातात सदा एक छोटी हातोडी. पुलाच्या तुळईवर, खांबावर, कठड्यावर टकटक करायची आणि कान लावायचा. काँक्रीट आतून धड असलं की खणखणीत वाजतं. आत पापुद्रा सुटला असला, सळई गंजून फुगली असली, की बद्द आवाज येतो. वरून रंग लावलेला असो, नाहीतर कालच कुणी मंत्री फीत कापून गेलेला असो, हातोडीला फसवता येत नाही. साहेबांना तर घरातल्या भिंतीही वाजवून बघायची खोड होती. नवीन घर घेताना त्यांनी बिल्डरच्या देखत सगळ्या भिंती वाजवल्या होत्या आणि बायको लाजेनं गॅलरीत जाऊन उभी राहिली होती.

निवृत्त झाले तेव्हा खात्यानं हार घातला, शाल दिली, आणि पुढच्याच महिन्यात परत बोलावून घेतलं. ‘सल्लागार, पूल तपासणी’. करार वर्षाचा, दरवर्षी वाढवायचा. खुर्ची तीच, पंखा तोच, चहा आणणाराही तोच. फरक एवढाच की आता सही चालत नव्हती. सल्लागारानं फक्त सल्ला द्यायचा. निर्णय खात्याचा, सहीही खात्याची. कागदावर हे फार सोपं होतं. प्रत्यक्षात काय झालं, की प्रत्येक तपासणी अहवालावर सही करणारा माणूस सहीच्या वर एक ओळ लिहायला लागला: ‘सल्लागारांशी चर्चा झाली.’ ती ओळ असली की सगळ्यांना गाढ झोप लागायची. ती नसली तर फाईल वरून खाली आपटत परत यायची.

साहेबांना याचा राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटायचं. आपल्यावाचून गाडं अडतंय हे ऐकायला कुणाला नको असतं?

आणि मग जिने चढताना धाप लागायला लागली.

आधी त्यांनी जिन्यालाच दोष दिला. मग वयाला. मग एकदा नदीकाठच्या उतारावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते मटकन खाली बसले, तेव्हा बायकोनं त्यांचं काही एक ऐकून न घेता त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नळी छातीला लावली, बराच वेळ ऐकलं, मग पडद्यावर हृदयाचं चित्र दाखवलं.

“इथली झडप अरुंद झालीये. रक्त बाहेर पडायला वाट पुरत नाही, म्हणून चक्कर येते. बदलावी लागेल. घाबरायचं काम नाही, पण लांबवायचंही काम नाही. तोवर चढणं, उतरणं, धावपळ बंद. आणि आधी दात तपासून घ्या.”

“दात कशाला?” साहेबांनी विचारलं.

“दातातले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसायला नकोत. बरं, काम करता का अजून?”

“पुलांवर चढतो. खालून बघायचं तर पाळण्यात लटकतो.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “आता नाही चढायचं. ऑपरेशननंतरही काही महिने विश्रांती, आणि पुन्हा पाळण्यात लटकायचं तर नावच काढू नका. तारीख कधीची देऊ?”

“मंजुरी आली की सांगतो,” साहेब म्हणाले.

“कुणाची मंजुरी?” डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं कपाळाला हात लावला.

साहेबांनी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. सगळी नोकरी ज्या भाषेत केली त्याच भाषेत: ‘विनंती अर्ज. विषय: प्रकृतीच्या कारणास्तव सल्लागार पदावरून मुक्त करण्याबाबत.’ खाली ‘योग्य मार्गाने सादर’, आणि सगळ्यात शेवटी ‘कृपया मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती’. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र. स्वतः जाऊन आवक शिक्का मारून घेतला आणि मोकळं झाल्यासारखं वाटून खाली येताना उगाच दोन कठडे वाजवले.

आता गंमत ऐका. खात्यात कागद गेला की त्याला पाय फुटतात. आस्थापना शाखेच्या हेडक्लार्कनं अर्ज बघितला. विनंती आहे म्हटल्यावर ती तपासायला हवी. प्रकृतीचं कारण आहे म्हटल्यावर वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय हवा. त्यानं टिपणी लिहिली: ‘अर्जदाराची रजा शिल्लक आहे काय?’ कुणीतरी खाली लिहिलं, सल्लागाराला रजा नसते. त्याच्या खाली कुणीतरी लिहिलं, मग आजारपणात काय करतात ते स्पष्ट व्हावे. फाईल लेखा शाखेत गेली, तिथून विधी शाखेत, तिथे जाऊन जी बसली ती बसलीच. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच.

मध्यंतरी मोठ्या साहेबांनी बोलावलं. मोठे साहेब म्हणजे मुख्य अभियंता, वयानं टकटकसाहेबांपेक्षा लहान, एके काळी त्यांच्याच हाताखाली शिकलेले. सल्लागाराच्या करारावर खात्यातर्फे सही त्यांचीच.

“सर, तुम्ही गेलात तर आम्ही करायचं काय? पाहणीचा हंगाम तोंडावर आलाय. पुलावर चढू नका, कोण सांगतंय? घरी बसा. आमची माणसं व्हिडिओ पाठवतील. तुम्ही नुसतं हो-नाही सांगायचं. तुमच्या कानासारखा कान आहे का कुणाला या खात्यात?”

डॉक्टरांनी चढायला बंदी केली होती, आणि साहेब तिथल्या तिथे हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले. घरी आले ते शीळ घालतच.

“झालं का काम?” बायकोनं विचारलं.

“होतंय. घरून काम करायचं ठरलंय सध्या. मंजुरी येईपर्यंत.”

“आणि तारखेचं?”

“अगं, मंजुरी आली की...”

“बरं,” ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. तिचं ‘बरं’ हे साहेबांना लग्नापासून अवघड गेलेलं आहे. बद्द वाजतं ते.

घरून कामाचा पहिलाच पूल निघाला तो कारखान्याकडे जाणारा. जुना पूल, त्यावरून दिवसभर लोखंड भरलेले ट्रक जातात. तिथे गेली होती कार्यकारी अभियंता. साहेबांनीच तिला पहिल्यांदा हातोडी कशी धरायची ते दाखवलं होतं. आता ती विभागाची प्रमुख होती, सही तिची होती, पण साहेबांसमोर अजून उभीच राहायची. तिनं पुलाखाली उतरणाऱ्या पाळण्यातून फोन लावला.

“सर, मधली तुळई. ऐका हं.”

टक. टक. टक.

साहेबांनी फोन कानाला दाबला. वारा येत होता, पाळण्याचं इंजिन घुरघुरत होतं, आणि नेमकं तेव्हाच आत बायकोनं मिक्सर लावला. आजकालचे फोन मोठे शहाणे. माणसाचं बोलणं तेवढं ठेवतात आणि बाकीचं कचरा म्हणून गाळून टाकतात. हातोडीचा आवाज त्यांच्या दृष्टीनं कचराच.

“सर, मला थोडं बद्द वाटतंय. तुम्हाला?”

साहेबांना काहीच वाटत नव्हतं. काही ऐकूच आलं नव्हतं. पण तिकडे पोरगी पाळण्यात लटकत उत्तराची वाट बघतेय, वरून ट्रक जातायत, आणि आपण खात्याचा कान! तोंडातून निघून गेलं, “ठीक वाटतंय.”

“ठीक ना सर? मग तसं लिहिते.”

फोन बंद झाला. साहेब जेवले, आरामखुर्चीत पडले, पेपर तोंडावर घेतला. रोज पेपर तोंडावर घेतला की पाचव्या मिनिटाला घोरतात. त्या दुपारी नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे फाईल दिसत होती आणि त्या फाईलवरची ओळ: ‘सल्लागारांशी चर्चा झाली. ठीक.’ कसली चर्चा? मिक्सरशी? तिला बद्द वाटलं होतं. तिनं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं, आणि आपण घरात बसून, न ऐकता, तिचा कान खोटा पाडला. साहेबांच्या छातीत धडधडायला लागलं, आणि ते झडपेमुळे नव्हतं. ते भीतीनं होतं. इतकी वर्षं पुलांच्या खाली उभं राहून ते कधी असे घाबरले नव्हते.

त्यांनी फोन उचलला.

“मघाचं ते खोड. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. फोनवर हातोडी ऐकू येत नाही. मी उगीच ठीक म्हणालो.”

“मग काय लिहू सर?” तिनं विचारलं.

“काहीच लिहू नकोस. शब्दसुद्धा नको माझ्या नावाचा. चर्चा झालीच नाही. तुळईला भोक पाडून काँक्रीटचे गाभे काढ, प्रयोगशाळेत पाठव, तुला शंका आहे ना? मग शंका आहे एवढं लिही.”

फोन ठेवून ते आत गेले. बायको मिक्सरचं भांडं धूत होती. साहेब दारात उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, मिक्सरसकट.

तिनं हात पुसले. “एक विचारू? खरं सांगाल?”

“विचार.”

“तुम्हाला जायचंय, की थांबवून घ्यायचंय?”

साहेब बोटानं दाराची चौकट वाजवायला लागले.

“नाही, म्हणजे माणूस जायला निघाला की चप्पल घालतो. तुम्ही दारात उभं राहून ‘जाऊ का, जाऊ का’ विचारताय. मग पुढचा म्हणणारच ना, बसा हो, चहा घ्या.”

“अगं, पण खात्याचा नियमच तसा आहे. मुक्त करायला मंजुरी लागते.”

“नोकराला लागते. तुम्ही नोकर आहात का आता त्यांचे?” ती म्हणाली. “तो करार तुम्हीच तर लिहिला होता! आठवतंय का, नोकरीत असताना? ते एक म्हातारे सल्लागार होते, दिवसभर खुर्चीत पेंगायचे आणि जाता जात नव्हते. त्यांना काढता येईना म्हणून तुम्ही रागारागानं नवा करार तयार केलात. महिनाभर आधी लेखी कळवायचं की झालं, कारण द्यायला नको. आणि तुमच्या कायदा अधिकाऱ्यानं ‘दोन्ही पक्षांना’ असं घातलं म्हणून जेवताना कुरकुर करत होतात. म्हणे, सल्लागाराला कशाला हवी ही सोय, तो कशाला सोडून जाईल!”

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. तोंडात मारल्यासारखं झालं, पण गोड. मग त्यांना हसू फुटलं. ते इतके हसले की धाप लागली आणि बायकोला त्यांना धरून खुर्चीत बसवावं लागलं.

कपाटातून करार काढला. कलम होतं, जसंच्या तसं: कोणत्याही पक्षास दुसऱ्या पक्षाला एक महिना आधी लेखी सूचना देऊन करार संपवता येईल. मंजुरी हा शब्द कुठेच नव्हता. सूचना द्यायची करारावर सही करणाऱ्याला, म्हणजे थेट मोठ्या साहेबांना. ‘योग्य मार्गाने’ वगैरे भानगड नाही. आणि महिना मोजायचा तो त्यांना सूचना मिळाल्यापासून. म्हणजे इतके आठवडे अर्ज गावभर फिरत होता, तेवढ्यात महिना कधीच संपून गेला असता. विनंती केली म्हणून ती तपासली जात होती. खात्याचं काय चुकलं? विचारलं, तर ते विचार करणारच.

साहेबांनी नवा कागद घेतला. जुनी भाषा खोडायलाही वेळ लागतो हे त्यांना तेव्हा कळलं. पहिल्या मसुद्यात ‘नम्र’ आलं, ते बायकोनं काढलं. दुसऱ्यात ‘कृपया’ आलं. तिसऱ्यात ‘आपली परवानगी असल्यास’.

“बघा, परत दारात उभे राहिलात!”

शेवटी उरलं ते एवढंच: ‘करारातील कलमानुसार मी ही एक महिन्याची सूचना देत आहे. प्रकृतीच्या कारणास्तव हा करार या मुदतीनंतर संपेल. माझा पूर्वीचा विनंती अर्ज मी मागे घेत आहे. या महिन्यात मी प्रत्यक्ष पाहणी करू शकणार नाही. हाती असलेले अहवाल पूर्ण करून देईन आणि कामाची माहिती लेखी सुपूर्द करीन. न पाहिलेल्या पुलाविषयी मी मत देणार नाही.’ खाली सही. इतका उद्धट कागद आपण जन्मात लिहिला नाही असं त्यांना वाटलं. त्यात उद्धट काहीच नव्हतं.

मोठे साहेब कागद वाचून नाराज झाले. “सर, हे काय? महिन्याभरानं पाहणी ऐन रंगात असेल.”

“म्हणूनच आत्ता कळवतोय,” साहेब म्हणाले.

“निदान नाव तरी राहू द्या यादीत. नुसतं नाव. तुम्ही काही करू नका.”

हा पेच खरा कठीण होता. नुसतं नाव! चहा नको, खुर्ची नको, नुसतं नाव, आणि त्या नावाखाली झोपलेलं सगळं खातं. साहेबांना मिक्सर आठवला.

“नाव राहिलं तर ती ओळ राहील,” ते म्हणाले. “आणि ती ओळ राहिली तर पोरांचे कान तयार व्हायचे नाहीत. पोच द्या, तेवढं पुरे.”

मोठ्या साहेबांनी नाइलाजानं पोच दिली. साहेब निघाले तेव्हा मात्र ते उठून दारापर्यंत आले. “सर, तब्येत जपा. हे आधी बोलायला हवं होतं मी.” साहेबांना बरं वाटलं. त्याच संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांना फोन करून महिना संपल्याबरोबरची तारीख घेतली.

त्या महिन्यात साहेबांनी जे काम केलं तसं आधीच्या कित्येक वर्षांत केलं नव्हतं, तेही खुर्चीत बसून. अर्धवट अहवाल पुरे केले. प्रत्येक पुलाचं दुखणं लिहून काढलं: कुठल्या खांबाशी पाणी माती खरवडतं, कुठला सांधा उन्हाळ्यात कुरकुरतो, कुठे जुन्या दुरुस्तीवर विश्वास ठेवायचा नाही. ‘मला वाटतं’ आणि ‘मी पाहिलं’ वेगवेगळं लिहिलं. कारखान्याच्या पुलापुढे लिहिलं: ‘या वर्षी मी पाहिलेला नाही.’ फाईल आली आणि वर ‘सल्लागारांशी चर्चा’ दिसलं, की ते ती परत पाठवायचे: तुम्ही काय ठरवलंत ते आधी लिहा. सुरुवातीला शाखेत बोंब झाली. मग हळूहळू ओळी बदलायला लागल्या.

शेवटच्या दिवशी ओळखपत्र, लॅपटॉप, हेल्मेट आणि कपाटाची किल्ली जमा केली. हेडक्लार्कनं एकेक वस्तू बघून ना-देय दाखल्यावर खुणा केल्या आणि टेबलावरच्या हातोडीकडे बोट दाखवलं. “ही?”

“ही माझी स्वतःची.”

“नोंद नाही, म्हणजे तुमचीच,” तो म्हणाला, आणि मग जरा ओशाळून, “साहेब, तुमच्या त्या अर्जावर विधी शाखेचा अभिप्राय आज आलाय. मंजुरीची गरज नाही म्हणतात.”

“हो का?” साहेब म्हणाले. “बरं झालं सांगितलंत.” आणि जिना सावकाश, कठड्याला धरून उतरले.

ऑपरेशन नीट झालं. दात आधीच तपासून झाले होते, तेही धड निघाले, एक सोडून. घरी आल्यावर साहेबांना खोलीतल्या खोलीत चालायची परवानगी होती, आणि ती देणारी होती बायको. लेक फोनवर रोज विचारायची, “बाबा, कंटाळा येतो का?” ते म्हणायचे, “छे!” आणि ते जवळजवळ खरं होतं. पहिल्यांदाच दुपारी झोपायला आणि उठून चहा प्यायला कुठलीही घाई नव्हती. फोन मात्र हाताशी असायचा. वाजला नाही की बरं वाटायचं, आणि थोडं वाईटही.

एके दिवशी चहाच्या वेळी वाजला. अभियंता होती. साहेब सावरून बसले. बायकोनं डोळे वटारले. साहेबांनी मनातल्या मनात ठरवलं: ‘तुला काय वाटतं?’ एवढंच विचारायचं, बाकी अवाक्षर काढायचं नाही.

“बोल गं. काय विचारायचंय?”

“विचारायचं काही नाही सर. सांगायला फोन केलाय. कारखान्याचा पूल. गाभ्यांचा अहवाल आला, सळई गंजलीय. तुळईत पोकळी आहे, मला वाटलं होतं तिथेच. मी आज सकाळपासून जड वाहनं बंद केली. पोलिसांना कळवलं, मोठ्या साहेबांना कळवलं. कारखान्याचे लोक आरडाओरडा करतायत, करू देत. सही माझी आहे.”

साहेबांच्या हातात कप तसाच राहिला. त्यांनी ‘ठीक’ म्हटलेली तुळई. तिच्या कानाला जी आधीच बद्द लागली होती.

“सर? ऐकताय ना?”

“ऐकतोय.”

“तब्येत कशी आहे?”

“खणखणीत,” साहेब म्हणाले. “शाबास गं. मला कळवलंस, बरं केलंस.”

फोन ठेवला. बायको समोर उभी होती. “काय विचारत होती?”

“काही नाही विचारलं,” साहेब म्हणाले. “सांगितलं.” आणि पोरानं पहिल्यांदा हात सोडून चालावं आणि बापानं ते दारातून बघावं, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. बायकोनं त्यांच्या हातातला गार झालेला कप घेतला आणि दुसरा चहा टाकला. डॉक्टरांनी एकच सांगितला होता. तिनं कुणालाही विचारलं नाही.